पानावर जे असेल तेच किमतीत

तुळिंज रोडला दोन हजार सातच्या सुमारास मोबाइलची इतकी दुकानं झाली होती की वडापावच्या गाड्या कमी वाटाव्यात. त्यात एका साडीच्या दुकानाला लागून अर्धा गाळा होता. अर्धा म्हणजे खराच अर्धा. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. त्या गाळ्यात काउंटरमागे बसायची हेमांगी, आणि तिच्या पाठीला पाठ लावून, भिंतीकडे तोंड करून, दिव्याखाली मान घालून बसायचा तिचा धाकटा दीर देवेंद्र. दुरुस्ती त्याची, विक्री हिची. जुने फोन घ्यायचे, नीट करायचे आणि पुन्हा विकायचे, एवढाच धंदा.

आता जुने फोन विकणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं हेमांगीत काहीएक नव्हतं. गोड बोलणं तर नव्हतंच. तिचा आवाज निर्मळ गावातल्या केळीच्या वाडीत वाढलेला, या केळीच्या रांगेतून त्या रांगेतल्या माणसाला हाक मारायची सवय असलेला. अर्ध्या गाळ्यात तो मावायचाच नाही. "हा फोन पडलेला आहे हां दादा, कोपरा बघा!" असं ती गिऱ्हाइकाला सांगायची ते पलीकडच्या साडीवाल्यालाही ऐकू जायचं. देवेंद्र कपाळाला हात लावायचा. "वहिनी, निदान हळू तरी सांग!"

"हळू सांगितलं की लोकांना वाटतं आणखी काहीतरी लपवतेय," ती म्हणायची.

लग्नाआधी ती वसईला एका दुरुस्ती केंद्राच्या काउंटरवर नोकरीला होती. दिवसभर लोक यायचे, भांडायचे, रडकुंडीला यायचे. तिथे तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली. माणूस फोन बिघडला म्हणून इतका चिडत नाही, जितका आपल्याला सांगितलं एक आणि मिळालं दुसरं म्हणून चिडतो. "एकदम नवा आहे, फक्त बॉक्स नाही" असं सांगून विकलेला फोन महिनाभरात मुका व्हायचा, आणि उघडल्यावर आत पाण्याने हिरवी पडलेली पट्टी दिसायची. बाहेरचं अंग मात्र चकचकीत. बाजारात बॉडी सुटी मिळते ना. जुनी काढायची, नवी घालायची, झाला फोन नवा!

तेव्हा गाळा सुरू केला त्या दिवशीच तिने ठरवलं, प्रत्येक फोनला चिठ्ठी लावायची आणि त्यावर नंबर लिहायचा. चांगला तो एक नंबर, बरा तो दोन, कसाबसा तो तीन. झालं, मोठा पराक्रम केल्यासारखी ती घरी आली. आणि आठवड्याभरात तिच्याकडूनच फोन घेतलेले फ्रान्सिस मास्तर तो फोन घेऊन गाळ्यावर हजर.

"बाई, एक नंबर म्हणालात. याला ओरखडे किती!"

"मास्तर, पण चालतो कसा ते बघा की! सगळं तपासलेलं आहे."

"चालतो तर उत्तम. पण मी एक नंबर ऐकून घेतला. मला वाटलं दिसायलाही एक नंबर."

हेमांगीने फोन उलटसुलट करून पाहिला. मग टाळी वाजवून म्हणाली, "अहो, बरोबर आहे तुमचं! देवेंद्र, आपण एकाच नंबरात दोन गोष्टी कोंबतोय!" मास्तरांना तिने फोन बदलून दिला, वर चहा पाजला, आणि त्या दिवसापासून चिठ्ठीवर दोन ओळी आल्या. एक अंग, एक काम. अंग म्हणजे बाहेरून कसा दिसतो. काम म्हणजे आतून कसा चालतो. अंग तीन, काम एक, असा फोन असू शकतो. अंग एक, काम तीन, असाही असू शकतो, आणि त्याच्यापासून माणसाने सांभाळून राहावं. खाली काय दुरुस्त केलं तेही लिहायचं. चार्जिंगची पिन बदलली. स्पीकर बदलला. घंटी वाजते पण बारीक वाजते. जे असेल ते.

हे झालं फोनचं. पण किमतीचा घोळ राहिलाच. समोरच्या रांगेतला एक दुकानदार फोन शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त सांगायचा. गिऱ्हाईक धावत तिकडे जायचं. पैसे दिल्यावर कळायचं, चार्जर वेगळा. बॅटरी टाकलीय ती नावाला, चांगली हवी तर वेगळी. वॉरंटी? "आहे ना!" कशाची, किती दिवस, कोण देणार, ते देवालाच माहीत. आणि तेच गिऱ्हाईक हेमांगीकडे येऊन म्हणायचं, "तुम्ही महाग आहात."

एका दुपारी याच वादात तिचं डोकं तापलं. जेवायला बसली होती, तिच्या वडिलांनी, म्हणजे जगन्नाथकाकांनी, निर्मळहून केळीची पानं पाठवली होती. तेवढ्यात मनवेलपाड्याहून आलेला एक तरुण हुज्जत घालायला लागला. हेमांगीने जेवण बाजूला सारलं, एक स्वच्छ पान फाडलं, काउंटरवर पसरलं आणि त्यावर वाढायला सुरुवात केली. आधी फोन. शेजारी बॅटरी. मग चार्जर. मग वॉरंटीचं कार्ड, गाळ्याच्या शिक्क्याचं.

"हे बघ बाळा, या पानावर जे वाढलंय ते सगळं या किमतीत. पानावर जे नाही ते किमतीत नाही. सिमकार्ड पानावर आहे? नाही. म्हणजे ते तुझं तू आणायचं. कव्हर आहे? नाही. आता समोर जा, आणि त्यालाही म्हणावं, पान वाढ!"

तो खरंच गेला. आणि हसत परत आला.

तेव्हापासून जगन्नाथकाकांच्या वाडीतून रोज पानं यायला लागली. म्हाताऱ्याला हा प्रकार पटलेला नव्हता. "पान जेवायला असतं, त्यावर कसले डबडे मांडते!" असं ते कुरकुरायचे, पण पानं मात्र निवडून, न फाटलेली पाठवायचे. तुळिंजमध्ये लोक म्हणायला लागले, पानवाल्या बाईकडे जा.

नाव झालं, पण नावाने भाडं भागत नाही. साडीवाल्याला पूर्ण गाळा हवा होता आणि मालकाने स्पष्ट सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत डिपॉझिट वाढवून द्या, नाहीतर गाळा मोकळा करा. देवेंद्रने रात्रंदिवस फोन उघडले तरी ते डिपॉझिट जमणार नव्हतं. हेमांगीचा नवरा सुमेध अंधेरीला नोकरीला. तो म्हणाला, "नाही जमलं तर नाही जमलं. परत नोकरी कर." हे तो समजूत घालायला म्हणाला. पण हेमांगी त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी इतक्या जोरात घासत होती की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आणि मग आली सालोमी मावशी!

सालोमी निर्मळची, फुलवाली. मोगरा, चाफा, अबोली. अंगाने किडकिडीत, पण पाटी डोक्यावर घेतली की बसमधली माणसं आपोआप बाजूला होत. गावातल्या फुलवाल्या बायकांचा बचत गट ती चालवायची. ती गाळ्यासमोर उभी राहिली आणि रस्त्यावरूनच म्हणाली, "तू जगन्नाथाची पोर ना गो? आम्हाला बावीस फोन पाहिजेत."

देवेंद्रच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

गोष्ट अशी होती. बाजारात फुलाचा भाव सकाळी ठरतो, पण बायकांना तो कळायचा तिथे पोचल्यावर, म्हणजे पाटी उतरल्यावर. तेव्हा दलाल सांगेल तो भाव. गटाने ठरवलं, प्रत्येकीकडे फोन हवा. एकीने पुढे जायचं, भाव विचारायचा, बाकीच्यांना कळवायचं. आणि फोन टॉर्चवालाच हवा, कारण मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या त्या उजाडायच्या आधी.

"पण आम्ही दोन ठिकाणी विचारतोय," सालोमी म्हणाली. "समोरवाला तुझ्यापेक्षा कमी सांगतो. तू रविवारी चारला फोन घेऊन आमच्या घरी ये. सगळ्या बायका असतील. बघू आणि ठरवू."

बावीस फोन! त्यातून डिपॉझिट निघणार होतं, चांगलं निघणार होतं. हेमांगी त्या संध्याकाळी साडीवाल्याकडे बघून अशी काही हसली की तो बिचारा आपल्या शर्टाला काय लागलंय ते बघू लागला.

आठवडाभर दोघांनी जीव तोडला. टॉर्चवाले फोन गोळा केले. ज्यांनी रंगीत स्क्रीनचा फोन घेतला, त्यांच्याकडचे जुने. प्रत्येक विकणाऱ्याकडून नाव-पत्ता आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून स्क्रीनवर येणारा फोनचा ओळख-आकडा बॅटरीखालच्या आकड्याशी जुळवला. न जुळणारा एक होता, चोरीचा असेल म्हणून तो तिने घेतलाच नाही. मग प्रत्येकात सिम टाकून फोन लावायचा, "हॅलो, ऐकू येतंय का?" करायचं, प्रत्येक बटण दाबायचं, घंटी वाजवायची, टॉर्च लावायचा, चार्जिंगला लावून हलवून बघायचं. देवेंद्रने दोन पिना बदलल्या, एक माइक बदलला. सगळं त्याच दिवशी चिठ्ठीवर चढलं. शेवटी बावीसच्या बावीस, काम एक! अंग मात्र वेगवेगळं. काही बरे, काही मध्यम, आणि सहा फोन तर अगदी कळकट. बटणांवरचे आकडे पुसट, अंगावर ओरखडे, एकाचा तर वरचा कोपरा उंदराने कुरतडावा तसा. त्यांना अंग तीन. किंमतही त्याप्रमाणे कमी.

शनिवारी हेमांगी घरी निघाली तेव्हा देवेंद्र म्हणाला, "वहिनी, तू हो पुढे. मी जरा आवरून येतो."

रविवारी चारला ती देवेंद्रच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर टोपली घेऊन निर्मळला पोचली तेव्हा सालोमीच्या पडवीत बायका दोन रांगांत बसल्या होत्या. अक्षरशः पंगत! आंघोळी करून, केसांत फुलं माळून, लग्नाला आल्यासारख्या. जगन्नाथकाकांनी आधीच पानं आणून दिली होती आणि स्वतः अंगणापलीकडच्या तळ्यापाशी, आपला काही संबंध नाही असं तोंड करून उभे होते.

"बसा गं, बसा! पान मोडू नका!" हेमांगीचा आवाज चढला. तिला इतका आनंद झाला होता की पाय जमिनीवर ठरेनात. तिने बावीस पानं मांडली. देवेंद्र मागून वाढत गेला. फोन, बॅटरी, चार्जर, कार्ड. फोन, बॅटरी, चार्जर, कार्ड.

"आता ऐका! पानावर आहे ते किमतीत. सिम नाही, रिचार्ज नाही. कंपनीची वॉरंटी संपलेली आहे, ती कोणी देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ही आमच्या गाळ्याची वॉरंटी. तीन महिने. फोन आपला आपण बिघडला तर दुरुस्ती फुकट, नाही झाला दुरुस्त तर त्याच दर्जाचा दुसरा. बॅटरीची मात्र एकच महिना. आणि पडला, फुटला, पाण्यात गेला तर वॉरंटी नाही!"

"मोगऱ्याला पाणी मारताना उडालं तर?" एकीने विचारलं.

"नाही! फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आत्ताच सांगते, मग माझ्याशी भांडू नका."

बायका हसल्या. समोरच्याने असं काही सांगितलं नव्हतं म्हणाल्या. त्याने सगळ्यालाच हो म्हटलं होतं. सालोमी मान हलवत होती. जमलं, जमलं, हेमांगीला आतून उकळ्या फुटत होत्या!

तेवढ्यात टोकाच्या पानांपाशी गलका झाला. "हा मला!" "अगो, मी आधी धरला!" सहा फोनांवरून बायका ओढाओढी करायला लागल्या होत्या. हेमांगी बघायला गेली. सहा फोन, काळेभोर, लखलखीत, एक ओरखडा नाही. चिठ्ठीवर अंग एक. वर काम एक. किंमत सगळ्यात वरची.

तिने एक उचलला. आकड्यांची बटणं घट्ट होती, बोट रुतेना. नाकाशी नेला तर नव्या प्लास्टिकचा वास. तिने मागचं झाकण काढून बॅटरीखालचा आकडा वाचला, तर तो त्या कुरतडलेल्या कोपऱ्याच्या फोनचाच होता.

तिने देवेंद्रकडे पाहिलं. तो गालात हसत होता. शाबासकी मिळणार म्हणून.

ती त्याला खांबाआड घेऊन गेली. "बॉड्या बदलल्यास?"

"रात्री जागून! कसे दिसतात बघ. ओढाओढी चाललीय."

"आणि चिठ्ठ्या?"

"त्यात खोटं काय आहे वहिनी? अंग नवंच आहे की! काम तर एक नंबर तूच लिहिलंस. आता फक्त गप्प बस. पाच मिनिटं. आपला गाळा वाचला!"

आता खरं सांगायचं तर हेमांगी त्या क्षणी डगमगली. का नाही डगमगणार? त्याचं म्हणणं असं गुळगुळीत होतं की कुठे पकडावं कळेना. अंग नवं आहे, हे खरंच होतं. फोन चालत होते, हेही खरं. पडवीत बायका खूश, देवेंद्र खूश, तळ्याकडे बापसुद्धा चोरून हसत होता. एक तीच तेवढी गप्प राहिली असती तर सगळं गोड झालं असतं. आणि गप्प राहणं तिला कधी जमलंय!

"अंग नवं नाही देवेंद्र," ती म्हणाली. "कपडे नवे आहेत."

आणि ती पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "थांबा! ते सहा फोन खाली ठेवा. त्यांच्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. त्या फोनांना वरून नवी बॉडी घातलीय. आतला फोन जुनाच आहे, खूप वापरलेला. बॉडी कंपनीची नाही, बाजारातली आहे. बटणांचं रबर नीट बसत नाही, त्या फटीतून धूळ जाते, दव जातं. तुमच्या वाडीत हे फोन पावसाळा काढणार नाहीत."

ओढाओढी करणाऱ्या बायकांनी ते फोन चटका बसल्यासारखे पानांवर ठेवले.

सालोमी उठली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "कोणी घातली?"

"आमच्याच गाळ्यात घातली. म्हणजे मीच घातली असं समजा."

"मला ठाऊक नाही तुमचं घरातलं. मला एवढंच सांग. सहा सांगितलेस. सातवा नाही कशावरून?"

हेमांगीला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं विश्वास ठेवतात. इथे तर खरं बोलल्यामुळेच विश्वास उडाला! बायका कुजबुजायला लागल्या. एकीने तर चपला शोधायला सुरुवात केली. गाळा गेला, तिच्या मनात आलं, आणि वर लाजही गेली.

तेवढ्यात तळ्याकडून जगन्नाथकाका आले. ते सालोमीला म्हणाले, "दलाल तुझ्या पाटीला काय करतो?"

"काय करणार? उलटी करतो."

"मग तू पण कर."

सालोमी त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम खळखळून हसली. "अगो बाय! बरोबर! आमच्या पाटीत पण वर टवटवीत कळ्या आणि खाली कालच्या. तो मेला दलाल उलटी केल्याशिवाय भाव बोलत नाही. उलटे करा गो सगळे फोन!"

मग जे झालं ते बघायला हवं होतं! हेमांगीने शिकवलं आणि बावीस बायकांनी बावीस फोन उघडले. "पुढचं कव्हर असं खालून उचला. बघा, खऱ्याचं रबर सगळीकडून चिकटून बसतं, नख घातलं तरी आत जात नाही. खोट्याच्या कडेला हे प्लास्टिकचं टोक हाताला लागतं, लागलं?" "लागलं!" "माझ्याला नाही लागलं!" "माझा खरा!" "माझाही खरा गो!" एकेकीच्या तोंडून ओरडा यायचा आणि पडवीत टाळ्या पडायच्या. ते सहा सोडून बाकीचे सोळाही खरे निघाले. हेमांगी ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती, आणि शेवटचा खरा निघाला तेव्हा तिने सालोमीलाच मिठी मारली.

"आणि या सहांचे जुने कपडे कुठेत?" सालोमीने विचारलं. "फेकले?"

देवेंद्र इतका वेळ खांबाला खांब होऊन उभा होता. तो चाचरत म्हणाला, "स्कूटरच्या डिकीत आहेत. सुट्या भागांना उपयोगी पडतात म्हणून..."

"आण. आणि इथे बसून घाल परत. आमच्यासमोर."

बिचारा पडवीच्या मधोमध मांडी घालून बसला. भोवती बायका. तो एक कव्हर काढी, दुसरं बसवी, आणि वीस जणी सूचना देत. "दाब नीट!" "फट राहिली बघ!" "ती कड बसली नाही रे!" त्याचे कान लाल झाले होते. पण पाच फोन पुन्हा ओरखड्यांचे झाले. हेमांगीने पाच चिठ्ठ्यांवर अंग तीन लिहिलं, किंमत खाली आणली, आणि नवल म्हणजे आता त्या पाचांवरून ओढाओढी सुरू झाली. स्वस्त, आतून पक्का आणि कळकट, वाडीत पडला तरी जीव हळहळायला नको! कुरतडलेल्या कोपऱ्याचा सालोमीने स्वतःच ठेवून घेतला. "हा हरवला तर मला लांबून ओळखू येईल," म्हणाली.

सहाव्याचं जुनं कव्हर मात्र काढतानाच तडकलं होतं. तो लखलखीत फोन पानावर एकटाच राहिला. एकीनेही त्याला हात लावला नाही. त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी गाळ्यातून एक ओरखड्यांचा द्यायचं ठरलं, पैसे गटाने त्याच संध्याकाळी मोजून हेमांगीच्या हातात दिले, आणि सालोमीने तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा खोचला. परतताना स्कूटरवर हेमांगी सारखी काहीतरी बोलत होती आणि देवेंद्र नुसती स्कूटर चालवत होता. घर आल्यावर मात्र त्याने स्कूटर बंद केली आणि म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. मला वाटलं मी तुला मदत करतोय."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर मोठ्याने ओरडले नाही तुझ्यावर."

"तू? ओरडली नाहीस? अख्ख्या निर्मळला ऐकू आलं!"

डिपॉझिट भरलं. अर्धा गाळा राहिला. पुढे दोन-तीन वर्षांत पूर्णही झाला, साडीवाला स्टेशनजवळ गेला तेव्हा. समोरच्या रांगेतल्या दुकानदाराला लोक "पान वाढा" म्हणून सांगायला लागले, तेव्हा त्याने आधी ते हसण्यावारी नेलं आणि मग गुपचूप जगन्नाथकाकांकडून पानं मागवायला सुरुवात केली. काकांनी त्याला दिली. पण फाटलेली.

आणि तो लखलखीत फोन? हेमांगीने त्याला काचेत ठेवला. नियमाप्रमाणे चिठ्ठी लावली. अंग तीन, कपडे नवे, काम एक. येणारा जाणारा आधी त्याच्याकडेच बोट दाखवायचा, चिठ्ठी वाचायचा आणि दुसरा घ्यायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तो तिथेच.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. देवेंद्र भिंतीकडचा उठला, काउंटरच्या बाहेर रस्त्यावर जाऊन गिऱ्हाइकासारखा उभा राहिला आणि काचेकडे बोट करून म्हणाला, "तो द्या."

"तो? तो कशाला तुला?"

"माझ्याच हातचा आहे. आत काय आहे मला माहीत आहे. मलाच घेता येईल." त्याने खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले. "पान वाढ, वहिनी."

हेमांगीने पान पसरलं. फोन ठेवला. बॅटरी ठेवली. चार्जर ठेवला. कार्ड ठेवलं आणि हसू दाबत म्हणाली, "तीन महिने वॉरंटी. बिघडला तर दुरुस्ती फुकट."

"करणार कोण?"

"आमचा मेकॅनिक आहे ना, भिंतीकडे तोंड करून बसतो. पूर्वी न सांगता कपडे बदलायचा. आता सांगून बदलतो."

देवेंद्रने फोन उचलला, खिशात टाकला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कोणी गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "मला एकदम नव्यासारखा दिसणारा दाखवा," की हेमांगीला बोलावंच लागायचं नाही. तो दिव्याखालून वळायचा, खिशातला फोन काढायचा, पानावर ठेवायचा आणि वहिनीच्याच आवाजात, पलीकडच्या साडीवाल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायचा, "हा बघा! आणि आता उघडून बघा!"